पहिल्या फोनआधीचा आकडा

मंगळवारी दुपारी भाचीने मोबाइलवर एका मेलचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, याला काय उत्तर देऊ?"

मेल ओळखीचं होतं. पुण्यातल्या आयटी कंपन्यांसाठी माणसं शोधण्याच्या धंद्यात मी वीस वर्षं काढली आणि असली मेलं स्वतः हजारांनी पाठवली आहेत. तुमची प्रोफाइल आमच्या क्लायंटच्या गरजेशी जुळते, पुढील माहिती भरून पाठवा म्हणजे फोन ठरवता येईल, आणि मग यादी: एकूण अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटिस पिरियड, राहण्याचं ठिकाण, नोकरी बदलण्याचं कारण. मेल एका कन्सल्टन्सीतल्या रिक्रुटर मुलीचं होतं. क्लायंट कोण, हे लिहिलेलं नव्हतं. काम खराडीच्या ऑफिसात, आठवड्यातले चार दिवस जाऊन करायचं, एवढं कळत होतं.

भाची सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पाच वर्षांचा अनुभव, राहते कोथरुडला, सध्याचं बहुतेक काम घरून. तिने उत्तराचा मसुदाही केला होता. अपेक्षित सीटीसीपुढे लिहिलं होतं : १४ ते १८ लाख, निगोशिएबल.

मी तिला लगेच फोन केला आणि पाठवू नकोस म्हणून सांगितलं.

या ओळीत काय बिनसलंय ते कळायला मेल कुठे जातं ते माहीत हवं. कन्सल्टन्सीतल्या मुलीपुढे एक्सेलचा तक्ता उघडा असतो. एका जागेसाठी तिने दहा-पंधरा जणांना मेल केलेलं असतं आणि प्रत्येकाचं उत्तर त्या तक्त्यातल्या एका ओळीत बसवायचं असतं. अपेक्षित पगारासाठी एकच चौकोन असतो, आणि 'चौदा ते अठरा' असं त्यात बसलं तरी कंपनीतला एचआरवाला ते चौदाच वाचतो. शेजारच्या रकान्यात वाढीचे टक्के निघतात, तेही बहुधा खालच्या आकड्यावरूनच. भाची फोन ठेवताना अठरा डोक्यात घेऊन झोपणार होती. तक्त्यात मात्र ती चौदाची झाली असती, आणि तीही 'निगोशिएबल', म्हणजे चौदाच्याही खाली यायला तयार.

रिक्रुटर लबाड असते म्हणून हे होत नाही. तिचं गणितच तसं आहे. कन्सल्टन्सीची फी आपल्याकडे बहुधा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. पंधरा लाखांच्या माणसामागे सव्वा लाख. तुम्ही चौदाऐवजी साडेपंधरावर गेलात तर कन्सल्टन्सीला साडेबारा हजार जास्त मिळतात, आणि त्यातला त्या मुलीच्या वाट्याला येणारा इन्सेन्टिव्ह किरकोळ असतो. पण तुमचा आकडा बजेटच्या वर गेला आणि दुसऱ्या कन्सल्टन्सीचा उमेदवार बसला, तर अख्खी फी जाते. म्हणून ती तुम्हाला बजेटच्या आत, लवकर बसवायला बघते. तुमच्या दीड लाखासाठी भांडणं तिला परवडत नाही.

मी या बाजूला असताना एक मुलगा आला होता. त्याने मेलमध्ये ९ ते १२ लाख लिहिलं. त्या जागेचं बजेट तेराचं होतं, ते मला ठाऊक होतं. मी ते त्याला सांगायला हवं होतं का? आज वाटतं, हो. तेव्हा मी नऊ लिहून पुढे पाठवलं, कंपनीने साडेनऊची ऑफर दिली आणि मुलगा खूश झाला, कारण मागितल्यापेक्षा अर्धा लाख जास्त मिळाले होते. सहा महिन्यांनी त्याला शेजारच्या टेबलावरच्याचा पगार कळला. त्याने मला फोन केला. रागावला नाही, फक्त विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं ना?"

म्हणून भाचीला पहिली गोष्ट सांगितली ती खालच्या आकड्याची. रेंज लिहायची असेल तर खालचं टोक हाच तुझा खरा आकडा. तेवढेच मिळाले तरी तू आनंदाने सही करशील, असा तो हवा. वरचं टोक त्याच्या थोडं वर. बहुतेक लोक उलटं करतात: मनात सोळा असतं, आणि भिडेखातर चौदापासून सुरुवात करतात. कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल एम्स आणि मालिया मेसन यांनी २०१५ साली वाटाघाटीतल्या अशा रेंजवर प्रयोग प्रसिद्ध केले. मनातला आकडा खाली ठेवून तिथून वर जाणारी रेंज देणाऱ्यांचं अनेकदा एकच आकडा सांगणाऱ्यांपेक्षा बरं जमलं, आणि समोरच्याला ते उद्धटही वाटलं नाही. रेंज दिली की समोरच्याला खालच्या टोकाच्याही खाली बोलायला संकोच होतो. रेंजचा फायदा हा एवढाच आहे, पण तो खालचं टोक नीट असेल तरच मिळतो.

ते टोक काढायचं कसं? भाचीने 'तीस टक्के' असं पटकन सांगितलं. आयटीत सगळे तेच सांगतात. हा नियम कोणी केला हे कोणालाही माहीत नाही. मी तिला पगाराची स्लिप आणि मागच्या अप्रेझलचं पत्र काढायला लावलं.

तिचा सीटीसी १२ लाख. म्हणजे महिन्याला एक लाख, असं तिच्या आईला वाटतं. प्रत्यक्षात त्यातले १ लाख २० हजार व्हेरिएबल आहेत, जे वर्षातून एकदा मे महिन्यात आणि कंपनीच्या मर्जीप्रमाणे मिळतात. गेल्या वर्षी ऐंशी टक्केच मिळाले. तिचं बेसिक महिन्याला ४० हजार. त्यावर कंपनीने भरायचा बारा टक्के पीएफ सीटीसीतच धरलेला आहे, आणि ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्केही. ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळायची आणि हिची इथली तीनच झालीत, तेव्हा तेवीस हजारांची ही रक्कम दरवर्षी कागदावर दिसते आणि ती सोडून गेली की कागदावरच राहते. हे सगळं वजा केलं, तिचा स्वतःचा पीएफ आणि महाराष्ट्राचा दोनशे रुपये व्यवसायकर काढला, की दरमहा खात्यावर येतात ७८ हजार. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला आयकर नाही, म्हणून तो शून्य आहे. इथे ही जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे: ती पुढच्या नोकरीत याच्या वर जाणार, आणि तिथून कर सुरू होणार.

मग विचारलं, महिन्याला हातात किती आले तर रोज खराडीला जाशील? कोथरुडहून खराडी म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. पेट्रोल, मधूनमधून कॅब, बाहेरचं जेवण असं धरून तिने सहा हजारांचा जादा खर्च काढला. तो जाऊन एक लाख उरले पाहिजेत, म्हणाली. म्हणजे खात्यावर एक लाख सहा हजार यायला हवेत. कागदावर मांडलं. बेसिक पन्नास हजार धरलं, तर साडेपंधरा लाखांच्या सीटीसीत, पूर्ण रक्कम फिक्स्ड असेल तर, पीएफ, व्यवसायकर आणि महिन्याचा सुमारे साडेसात हजार आयकर जाऊन १ लाख ७ हजार येतात. तिचा खालचा आकडा निघाला : साडेपंधरा. गंमत म्हणजे तो बाराच्या एकोणतीस टक्केच वर आहे. पण आता तो कुठून आला हे तिला सांगता येत होतं, आणि फोनवर कोणी 'जरा जास्त वाटतं' म्हटलं तर ती लगेच विरघळणार नव्हती.

'पूर्ण रक्कम फिक्स्ड असेल तर' हे शब्द मी मुद्दाम वापरले. त्याच साडेपंधरा लाखांतले पंधरा टक्के व्हेरिएबल ठरले तर दरमहा खात्यावर येतात ९५ हजार. सीटीसी तोच आणि महिन्याला बारा हजारांचा फरक. व्हेरिएबल वर्षाअखेरीस पूर्ण मिळालं तर भरपाई होते, पण ते पूर्ण मिळेलच हे कोणी लिहून देत नाही. मेलमधल्या यादीत सगळे जण 'सीटीसी'च विचारतात, आणि हा शब्द इतका सैल आहे की कंपनी त्यात विम्याचा हप्ता, जॉइनिंग बोनस, चार वर्षांत मिळायचे शेअर असं काहीही कोंबू शकते. तेव्हा उत्तरात आकड्याच्या आधी 'फिक्स्ड' हा शब्द हवाच. माझ्या मते अख्ख्या उत्तरात सर्वात जास्त पैसे वाचवणारा शब्द तो आहे.

वरच्या टोकासाठी तिने गेल्या वर्षभरात नोकरी बदललेल्या तिघांना विचारलं. सारख्याच अनुभवाचे, सारखंच ऑटोमेशन टेस्टिंगचं काम. एकाला चौदा, एकीला साडेसोळा, एकाला साडेसतरा मिळाले होते. अ‍ॅम्बिशनबॉक्ससारख्या साइटवरचे आकडे पाहायला हरकत नाही, पण तिथे फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती हे कळत नाही आणि जुन्या वर्षांची सरमिसळ असते. ओळखीतल्या तिघांची ऑफर लेटरं जास्त खरी. सतरा लिहायचं ठरलं. साडेपंधरा ते सतरा, म्हणजे दहा टक्क्यांच्या आतली रेंज. 'चौदा ते अठरा' लिहिणाऱ्याला स्वतःची किंमत माहीत नाही एवढंच वाचणाऱ्याला कळतं.

आता प्रश्न सध्याच्या पगाराचा. भाचीला वाटत होतं बाराऐवजी साडेतेरा लिहावं, मग साडेपंधरा फार वाटणार नाही. पुष्कळ जण हे करतात आणि पुष्कळ जण पकडले जातात, कारण ऑफरच्या आधी शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, अप्रेझलचं पत्र, कधी बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म सोळा मागतात. फोनवरचं बोलणं विसरता येतं, मेल मात्र जसंच्या तसं पडून राहतं. खोटा आकडा सापडला की पगार कमी होत नाही, ऑफरच जाते, आणि ती कधी कधी जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन झाल्यावर जाते. मी असं दोनदा पाहिलं आहे. खरा आकडा लिहावा आणि त्याची फोड द्यावी: फिक्स्ड एवढा, व्हेरिएबल एवढा, पुढचं अप्रेझल एप्रिलमध्ये. शेवटचे तीन शब्द बारीक आहेत पण कामाचे. पाच महिन्यांत वाढ मिळणारच आहे, हे वाचलं की टक्क्यांचा रकाना जरा कमी डोळ्यांत भरतो.

मुळात सध्याचा पगार विचारायचाच का, हा प्रश्न भाचीच्या चुलतभावाने विचारला. तो कॅलिफोर्नियात आहे. तिथे २०१८पासून कंपनीला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही, आणि २०२३पासून पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीतच पगाराची रेंज छापावी लागते. युरोपीय संघाने २०२३ साली तशाच स्वरूपाचा निर्देश काढला आणि सदस्य देशांना तो कायद्यात आणायला ७ जून २०२६पर्यंतची मुदत दिली. आपल्याकडे असा कायदा नाही. त्यामुळे 'मी सध्याचा पगार सांगणार नाही' हे उत्तर सॅन होजेत चालतं, खराडीत त्याचा परिणाम एवढाच होतो की तक्त्यातला चौकोन रिकामा राहतो, आणि रिकाम्या चौकोनाची ओळ एचआरकडे जात नाही. अपेक्षित पगाराबाबतही 'कंपनीच्या नियमांप्रमाणे' असं लिहिणारे असतात. ते नम्र दिसतं, पण पुढे कंपनीच तुमच्या सध्याच्या पगारावर तिचा टक्का लावते आणि तुमचा आधीचा पगार कमी असेल तर तो कमीपणा तुमच्यामागे नव्या ऑफिसातही येतो.

विचारता मात्र येतं. आकडा देण्याच्या आधी, त्याच मेलमध्ये, या जागेचं बजेट काय आहे असा साधा प्रश्न टाकता येतो. निम्म्या वेळा उत्तर मिळत नाही. मिळालं तर तुमच्या आकड्याची गरजच उरत नाही किंवा तो कुठे ठेवायचा हे कळतं. पण प्रश्न विचारून थांबायचं नाही, त्याच मेलमध्ये आकडाही द्यायचा, नाहीतर दोन दिवस या मेलामेलीत जातात आणि तेवढ्यात तक्ता पुढे निघून जातो. अगदी ज्याच्या मागे चार कंपन्या लागल्या आहेत अशा माणसाने आधी बजेट सांगा म्हणून अडून बसावं. भाचीची तशी स्थिती नव्हती.

शेवटी जे मेल गेलं ते इंग्रजीत होतं. मराठीत त्याचा मजकूर असा:

"नमस्कार. प्रोफाइल पाहून कळवल्याबद्दल आभार. माझा एकूण अनुभव पाच वर्षं, त्यातला ऑटोमेशन टेस्टिंगचा तीन. सध्याचा सीटीसी १२ लाख : १०.८ फिक्स्ड, १.२ व्हेरिएबल, पुढचं अप्रेझल एप्रिलमध्ये. नोटिस पिरियड ९० दिवस. मेलमधल्या वर्णनावरून या कामासाठी माझी अपेक्षा वर्षाला १५.५ ते १७ लाख फिक्स्ड अशी आहे. कामाचं नेमकं स्वरूप, ऑफिसचे दिवस आणि व्हेरिएबलची रचना कळल्यावर नेमका आकडा सांगता येईल. या जागेसाठी ठरलेलं बजेट कळवू शकलात तर दोघांचाही वेळ वाचेल. मी बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहानंतर फोनवर बोलू शकेन."

'मेलमधल्या वर्णनावरून' आणि 'कळल्यावर नेमका आकडा' ही दोन वाक्यं नसती तर पुढे पंचाईत झाली असती. मेलमध्ये दिलेला आकडा नंतर वाढवायला गेलं की रिक्रुटर तेच मेल पुन्हा पाठवते, वर 'मॅम, तुम्हीच लिहिलं होतं'. तो वाढवता येतो, पण फक्त नवी माहिती कळली असेल तर. फोनवर कळलं की दोन मुलींची टीम सांभाळायची आहे, रात्रीची शिफ्ट आहे, पाच दिवस ऑफिस आहे, तर 'हे वर्णनात नव्हतं, त्यामुळे माझी अपेक्षा सोळापासून सुरू होते' असं म्हणता येतं आणि कोणी रागवत नाही. केवळ मैत्रिणीला जास्त मिळाले म्हणून मध्येच आकडा बदलला तर उमेदवार भरवशाचा नाही, अशी नोंद होते.

एक गोष्ट मी तिला या मेलमध्ये लिहू दिली नाही. तिने आत्ता नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला की नव्वद दिवसांनी फेब्रुवारीत सुटणार आणि मेमधलं व्हेरिएबल बुडणार, म्हणजे साधारण एक लाख. हे मागायचं असतं, पण जॉइनिंग बोनस म्हणून, एकदाच मिळणारी रक्कम म्हणून, आणि ऑफर समोर आल्यावर. पहिल्या मेलमध्ये ते घातलं की आकडे गुंततात आणि एचआर तो लाख पगारातच मिसळून टाकते. पुढच्या वर्षी तो नाहीसा होतो आणि वाढ त्याच्याशिवायच्या पगारावर मिळते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बजेट सोळापर्यंत आहे, सतरा जमणार नाही, फोनला चालेल का? भाचीने चालेल कळवलं. फोन बावीस मिनिटांचा झाला, त्यात पगाराचं बोलणं दोन मिनिटं. पुढच्या तीन फेऱ्या, मग ऑफर : १५.८ लाख फिक्स्ड, व्हेरिएबल नाही, आणि मागितल्यावर पाऊण लाखाचा जॉइनिंग बोनस, वर्षाच्या आत सोडलं तर परत करण्याच्या अटीवर. सोळा मिळायला हवे होते असं मला अजूनही वाटतं. भाचीला वाटत नाही.

रुजू होण्याच्या आठवड्यात त्या रिक्रुटर मुलीचा कागदपत्रांसाठी फोन आला तेव्हा भाचीने तिला सहज विचारलं, तुमच्या तक्त्यात माझ्या नावापुढे काय लिहिलं होतं? ती हसली आणि म्हणाली, "पंधरा पूर्णांक पाच, मॅम. सतरा मी लिहिलंच नव्हतं."